पाळीतली कॉफी: कमी करायची तर कधीपासून आणि कशासाठी?

पाळीच्या दिवसांत कॉफी प्यावी की नाही, याचं प्रत्येक घरात एक ठरलेलं उत्तर असतं. आई म्हणते, कॉफी उष्ण पडते, बंद कर. मैत्रीण म्हणते, मला तर गरमागरम कॉफी घेतली की बरं वाटतं. डॉक्टरांकडे मिळणाऱ्या माहितीपत्रकात 'चहा-कॉफी कमी करा' एवढी एक ओळ असते. किती कमी करायची, कधीपासून आणि त्याने नेमकं काय कमी होईल, हे मात्र लिहिलेलं नसतं. मग पहिल्या दिवशी सकाळी ओटीपोटात कळ आली की अनेकजणी त्या दिवसापासून कॉफी एकदम तोडतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं आणि आधीच्या त्रासात आणखी एका दुखण्याची भर पडते. हे दुखणं पाळीचं असतं असंच सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा अचानक तोडलेल्या कॉफीचं असतं.

म्हणून मूळ मुद्दा आधीच सांगते. पाळीच्या कळा कॉफीमुळे सुरू होत नाहीत आणि कॉफी सोडल्याने त्या थांबतही नाहीत. पण कळांच्या जोडीने जे येतं, म्हणजे पातळ शौच, गुबारलेलं पोट, धडधड, अर्धवट झोप, त्यात कॉफीचा हात असू शकतो. तिथे ती कमी केल्याचा उपयोग होतो. हा उपयोग करून घ्यायचा असेल तर सुरुवात पाळी येण्याच्या आठ-दहा दिवस आधी करावी लागते. हे असं का, ते समजण्यासाठी आधी कळ कुठून येते ते पाहू.

कळ येते कुठून

पाळी येण्याच्या एक-दोन दिवस आधी शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने कमी होतं. त्याबरोबर गर्भाशयाच्या आतलं अस्तर सुटायला लागतं आणि सुटता सुटता प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतं. या रसायनांमुळे गर्भाशयाचा स्नायू जोराने आवळला जातो, त्याच्या रक्तवाहिन्याही आकसतात, आणि काही क्षण त्या स्नायूला पुरेसं रक्त मिळत नाही. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू जसा आखडून दुखतो, तसंच काहीसं ओटीपोटात पुन्हा पुन्हा होतं. कळ येते, सैल पडते, परत येते, ती यामुळे. ज्या बाईच्या अस्तरातून ही रसायनं जास्त सुटतात तिला दुखतंही जास्त.

या रसायनांचा जोर पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. तिसऱ्या दिवसापर्यंत अस्तराचा बराच भाग पडून गेलेला असतो आणि दुखणं आपोआप ओसरतं. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण पुढे तिच्यामुळेच बरीच फसगत होते. पहिल्या दिवशी कॉफी बंद केली आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, तर श्रेय कॉफी बंद करण्याला जातं. कॉफी चालू ठेवली असती तरी तिसऱ्या दिवशी बरंच वाटलं असतं.

या सगळ्यात कॉफी नेमकी कुठे बसते? कॉफीतलं कॅफिन मुख्यतः अ‍ॅडिनोसिन या पदार्थाचा रस्ता अडवतं. अ‍ॅडिनोसिन दिवसभर मेंदूत साठत जातं आणि आपल्याला पेंग आणतं. कॅफिनमुळे त्याचा परिणाम होत नाही, म्हणून तरतरी येते. कळा आणणारी रसायनं अस्तराच्या सुटण्यातून येतात, आणि ते सुटणं संप्रेरकांच्या चढउतारावर ठरतं. सकाळच्या कपाने ते पुढेमागे होत नाही. 

फुगलेल्या पोटाची दोन कारणं

पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं. ते आतड्यांच्या स्नायूंना सैलावतं. अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, पोट साफ होत नाही, गॅस अडकून राहतो आणि संध्याकाळपर्यंत सलवारीची नाडी किंवा जीन्सचं बटण रुतायला लागतं. त्याच काळात अंगात थोडं पाणीही धरलं जातं. हे पाणी धरणं पाळीच्या पहिल्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतं आणि नंतर उतरत जातं. म्हणजे पोट फुगण्यामागे अडकलेला वारा आणि धरलेलं पाणी अशी दोन कारणं एकत्र आलेली असतात.

मग पाळी सुरू होते आणि चित्र एकदम पालटतं. गर्भाशयाला आवळणारी तीच रसायनं शेजारच्या आतड्यांपर्यंतही पोचतात आणि त्यांनाही हलवतात. काल-परवापर्यंत बद्धकोष्ठ होता आणि आज सकाळपासून तीन-चार वेळा पातळ शौचाला जावं लागलं, हा अनुभव असंख्य बायकांचा आहे, पण त्याबद्दल बोललं जात नाही. शौचाला जाताना येणारी मुरड आणि पाळीची कळ यांतला फरक कळेनासा होतो, आणि दोन्ही मिळून दुखणं मोठं वाटतं.

नेमक्या याच वेळी पोटात कॉफी जाते. कॉफी मोठ्या आतड्याला चेतवते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. १९९० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे २९ टक्के निरोगी तरुण-तरुणींनी सांगितलं की कॉफी प्यायल्यावर त्यांना शौचाची भावना होते. त्यांच्यातल्या काहींच्या आतड्यांची हालचाल मोजली, तेव्हा कप संपल्यावर अवघ्या चार मिनिटांत ती वाढलेली दिसली. नुसत्या गरम पाण्याने तसं झालं नाही. कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीने मात्र झालं. म्हणजे आतडं हलवणारं एकटं कॅफिन नाही, कॉफीतले इतर घटकही ते काम करतात. १९९८ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात कॅफिनवाल्या कॉफीचा परिणाम कॅफिनविरहित कॉफीपेक्षा जास्त दिसला, पण दोघींचाही परिणाम होता.

याचा व्यवहारात अर्थ असा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात, पोट जड आणि बद्धकोष्ठ असताना, सकाळची कॉफी काहीजणींना उपयोगीच पडते. पोट साफ होतं आणि हलकं वाटतं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी, आतडी आधीच धावत असताना, तीच कॉफी मुरड वाढवते. त्यामुळे 'कॉफीने मला बरं वाटतं' म्हणणारी मैत्रीण आणि 'कॉफीने मला त्रास होतो' म्हणणारी बहीण, दोघीही खरं सांगत असतात. फक्त त्या वेगवेगळ्या दिवसांबद्दल बोलत असतात.

कॉफीने वारंवार लघवीला होतं, म्हणून अंगातलं धरलेलं पाणी उतरेल, असंही काहींना वाटतं. रोज कॉफी पिणाऱ्यांच्या शरीराला कॅफिनची सवय झालेली असते आणि दोन-तीन कपांचा लघवीवर फारसा परिणाम होत नाही. कॉफीने पाणी उतरत नाही, आणि कॉफी सोडल्याने धरलेलं पाणी लवकर जातं असंही नाही. ते संप्रेरकांच्या गतीने येतं आणि जातं. त्यापेक्षा त्या आठवड्यात लोणचं, पापड, वेफर आणि फरसाण कमी केलं तर फरक पडण्याची शक्यता जास्त.

कपात कॉफीशिवाय काय असतं

आपल्याकडची कॉफी म्हणजे बहुतांशी दूध. घरी निम्मं किंवा पूर्ण दूध, चमचाभर पूड आणि साखर. पोट फुगण्याचा हिशोब करताना या दुधाला विसरून चालत नाही. दुधात दर १०० मिलीला साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज ही साखर असते. ती पचवणारं एन्झाइम मोठेपणी अनेकांच्या शरीरात कमी होतं, आणि भारतात अशा लोकांचं प्रमाण मोठं आहे. अशी माणसं एका वेळी साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे एक मोठा कप दूध, सहसा सहन करतात. त्याहून जास्त झालं की न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि गॅस धरतो. एरवी हा गॅस सरकून जातो. पाळीआधीच्या मंदावलेल्या आतड्यांत तो अडकून बसतो.

फिल्टर कॉफी पिणाऱ्यांच्या कपात आणखी एक गोष्ट असते: चिकोरी. ते एका वनस्पतीचं भाजलेलं मूळ. आपल्याकडच्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे उरलेली ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते. पाकिटावर हे प्रमाण छापलेलं असतं. चिकोरीच्या मुळात इन्युलिन नावाचा तंतू असतो. भाजताना त्यातला काही भाग जातो, पण उरलेला पाण्यात उतरतो. तो आपल्याला पचत नाही, आतड्यातले जिवाणू तो खातात आणि गॅस तयार करतात. बऱ्याचजणांना एवढ्या प्रमाणाने काही होत नाही. ज्यांची आतडी नाजूक आहेत, कांदा-लसूण किंवा राजमा खाल्ला की ज्यांचं पोट फुगतं, त्यांना चिकोरीवाली कॉफी जाणवू शकते.

म्हणून 'कॉफी बंद केली आणि पोट उतरलं' असं कुणी सांगितलं तर विचारावं, की कॉफीबरोबर आणखी काय बंद झालं? दिवसाचं अर्धा लिटर दूध बंद झालं असेल, तर उत्तर दुधातही असू शकतं. तिला कॉफी सोडायची गरज नसेल. कोरी कॉफी किंवा कमी दुधाची कॉफी पुरेशी होईल.

अभ्यासांचा कौल दोन बाजूंना का जातो

१९८५ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात विद्यार्थिनींची पाहणी झाली. ज्या मुली कॅफिनयुक्त पेयं जास्त पीत होत्या, त्यांनी पाळीआधीच्या तक्रारीही जास्त सांगितल्या. पुढची कित्येक वर्षं डॉक्टर जो सल्ला देत आले, त्यामागे अशा पाहण्यांचा मोठा वाटा होता. पण अशा पाहणीत एक अडचण असते. त्रास आणि कॉफी दोन्ही एकाच वेळी विचारलेले असतात. कॉफीने त्रास झाला, की त्रासामुळे, म्हणजे थकवा आला, झोप झाली नाही, तरीही परीक्षा किंवा नोकरी होतीच म्हणून कॉफी वाढली, हे त्यातून कळत नाही.

ही अडचण टाळायची तर बायकांना आधी कॉफी विचारायची आणि मग पुढची वर्षं त्यांना त्रास सुरू होतो का ते बघायचं. अमेरिकेत हजारो परिचारिकांच्या आरोग्याची नोंद वर्षानुवर्षं ठेवणारा एक प्रकल्प १९८९ साली सुरू झाला. त्यातल्या माहितीवरून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भरपूर कॅफिन घेणाऱ्या आणि अगदी कमी घेणाऱ्या बायकांमध्ये पाळीआधीचा त्रास सुरू होण्याच्या शक्यतेत फरक आढळला नाही. चिडचिड, थकवा, स्तन दुखणं या लक्षणांबाबतही नाही.

याचा अर्थ कॉफीने कुणालाच काही होत नाही, असा नव्हे. हजारोंच्या सरासरीत जिचं आतडं कॉफीने फार हलतं ती बाई दिसत नाही. सरासरी सांगते की सगळ्यांना सरसकट 'कॉफी सोडा' असं सांगायला आधार नाही. स्वतःपुरतं उत्तर मात्र प्रत्येकीला स्वतःवरच पाहावं लागतं, आणि ते नीट पाहता येतं.

झोपेचा दुवा

कॉफीचा दुखण्याशी जो संबंध मला सर्वांत भरवशाचा वाटतो, तो झोपेतून जातो. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी साडेपाचला प्यायलेल्या कॉफीचा अर्धा भाग रात्री साडेदहाला अंगात असतो. एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलीग्रॅम कॅफिन दिलं, तेव्हा लोकांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली, आणि अनेकांना ते जाणवलंही नव्हतं. अपुऱ्या झोपेनंतर शरीराला तेवढंच दुखणं जास्त वाटतं. पाळीच्या आदल्या दोन रात्री अर्धवट झोप झाली, तर पहिल्या दिवसाची कळ अधिक बोचते.

इथे एक गोष्ट कमी जणींना माहीत असते. गर्भनिरोधक गोळ्या घेत असताना शरीर कॅफिन बाहेर टाकायला जवळपास दुप्पट वेळ घेतं. पीसीओएससाठी किंवा पाळीच्या दुखण्यासाठीच अनेक मुलींना या गोळ्या दिलेल्या असतात. त्यांच्या बाबतीत साडेपाचच्या कपाचा अर्धा भाग मध्यरात्र उलटली तरी शिल्लक असतो. गोळ्या सुरू केल्यापासून झोप बिघडली किंवा धडधड वाढली, असं वाटत असेल तर आधी दुपारनंतरचा कप पाहावा.

पहिल्या दिवशी तोडलेली कॉफी

आता सुरुवातीच्या डोकेदुखीकडे येऊ. रोज कॅफिन घेणाऱ्या माणसाने ते एकदम थांबवलं, तर १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, एक-दोन दिवसांत ते सर्वांत जास्त होतं आणि एकूण त्रास दोन ते नऊ दिवस टिकू शकतो. डोकेदुखीबरोबर मरगळ, चिडचिड, लक्ष न लागणं हेही येतं. रोजचं १०० मिलीग्रॅम, म्हणजे दोनेक कप, एवढी सवयही त्याला पुरते. पाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी कॉफी तोडली तर हा त्रास बरोबर दुसऱ्या दिवशी ऐन भरात येतो. शिवाय पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन घटल्याने काहीजणींना त्याच दिवसांत अर्धशिशी उठते. तीत ही भर पडली की दिवस आडवं होऊनच जातो.

समजा, ठाण्याहून लोकलने मुंबईला ऑफिसला जाणारी, तिशीतली एक बाई आहे. सकाळी सातला रिकाम्या पोटी दुधाची कॉफी, अकराला ऑफिसच्या मशीनची, तीनला पुन्हा मशीनची, साडेपाचला निघण्याआधी आणखी एक. मध्ये दोन चहा. इन्स्टंट कॉफीच्या एका कपात ५० ते ६५ मिलीग्रॅम कॅफिन धरतात आणि चहाच्या कपात ३० ते ६५. कॉफीचे ६० आणि चहाचे ४० धरले, तर तिचा दिवस ३२० मिलीग्रॅमवर जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेली मर्यादा दिवसाला ३०० आहे. तिचं प्रमाण भयंकर नाही, पण सवय लागण्यापुरतं पुरेसं आहे. या सगळ्यात मिळून अर्धा लिटर दूध जात असेल, तर त्यातलं लॅक्टोज २५ ग्रॅमच्या घरात जातं.

तिची पाळी साधारण २८ दिवसांनी येते. तिने तारखेच्या दहा दिवस आधी साडेपाचचा कप बंद करावा. तीन दिवसांनी तीनच्या कपात पूड अर्धी करावी किंवा मशीनची अर्धा कप घ्यावी. आणखी दोन-तीन दिवसांनी तो कप आणि एक चहाही सोडावा. तारखेच्या दोन दिवस आधी सातचा आणि अकराचा असे दोन कप आणि एक चहा उरेल, म्हणजे बरोबर निम्मं: १६० मिलीग्रॅम. या पद्धतीने डोकं सहसा दुखत नाही, आणि दुखलंच तर पाळी यायच्या आधी निवळतं. पाळीच्या पहिल्या दोन दिवशी सातची कॉफी रिकाम्या पोटी न घेता पोहे, उपमा, पोळी असं काही खाऊन घ्यावी. बाहेर पडण्याआधी अर्धा-पाऊण तास हातात ठेवावा. आतडं हलायचंच असेल तर ते घरी हलावं, डब्यातल्या गर्दीत नाही.

पाळी अनियमित असेल तर तारीख मागे मोजता येत नाही. अशा वेळी कमी केलेलं प्रमाणच रोजचं ठेवणं सोपं.

वहीत काय लिहायचं

बरं वाटलं का, एवढंच आठवून ठरवलं तर मन हवं ते उत्तर देतं. म्हणून लिहावं. पहिल्या पाळीत काहीच बदलायचं नाही, फक्त नोंद करायची. पुढच्या पाळीत कॉफी वर सांगितली तशी कमी करायची, पण दूध तेवढंच ठेवायचं. सोडलेल्या कपाऐवजी साधं दूध घेतलं तरी चालेल. त्यानंतरच्या पाळीत कॉफी पूर्ववत करून दूध कमी करायचं, म्हणजे कोरी प्यायची. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कळेल की काय लागू पडलं.

नोंद छोटी असावी: कळ ० ते १० मध्ये किती, गोळ्या किती घेतल्या, शौचाला किती वेळा, रात्रीची झोप किती तास, आणि सकाळी उठल्यावर बेंबीवरून टेपने घेतलेला पोटाचा घेर. उदाहरणादाखल, आधीच्या पाळीचा पहिला दिवस असा लिहिला असेल: 'कळ ७, गोळ्या ३, शौच ४ वेळा, झोप ५ तास.' आणि कॉफी कमी केलेल्या पाळीचा पहिला दिवस असा: 'कळ ६, गोळ्या ३, शौच २ वेळा, झोप साडेसहा तास.' हे कसं वाचायचं? सातावरून सहावर आलेली कळ फारशी धरू नये. एवढा चढउतार दर महिन्याला आपसूक होतो, आणि गोळ्याही तेवढ्याच लागल्या. शौच निम्म्यावर आलं आणि झोप दीड तासाने वाढली, हे मात्र बोलकं आहे. पुढे पुन्हा कॉफी वाढवली आणि हे दोन आकडे परत मूळपदावर आले, तर उत्तर पक्कं झालं. तुलना नेहमी पहिल्या दिवसाची पहिल्या दिवसाशी करायची. पहिल्याची तिसऱ्याशी केली तर प्रत्येक उपाय लागू पडल्यासारखा दिसतो.

गोळी आणि कप

कळ थांबवायची असेल तर तिच्या मुळाशी जाणारा उपाय हवा. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड यांसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत, म्हणून ती दुखणं सुरू होता होता घेतली तर जास्त उपयोगी पडतात. दुखणं टिपेला गेल्यावर घेतली तर आधी तयार झालेल्या रसायनांवर त्यांचा इलाज चालत नाही. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवण्यानेही स्नायू सैलावतो आणि खरंच आराम पडतो. ज्यांना पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा आहे, त्यांनी या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. मेफेनॅमिक अ‍ॅसिडमुळे क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि गाठी येणारी गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी औषधसंस्थेने तशी सूचना काढली होती. असं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच दाखवावं.

इथे कॉफीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. वेदनाशामक गोळीबरोबर १०० मिलीग्रॅम किंवा जास्त कॅफिन घेतलं तर गोळीचा गुण थोडा वाढतो. शंभरातल्या आणखी पाच ते दहा जणांना चांगला आराम पडतो, असं अनेक प्रयोग एकत्र करून दिसलं आहे. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिन मुद्दाम घातलेलं असतं ते यासाठी. तेव्हा नाश्ता करून गोळी घेतली आणि वर कॉफी प्यायली, तर त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. रिकाम्या पोटी गोळी आणि कॉफी हा मेळ मात्र टाळावा. दोन्हींनी पोटातली आग वाढते, आणि छातीत जळजळ, मळमळ सुरू झाली की ती पाळीच्या खात्यावर जमा होते.

ज्यांना अंगावरून जास्त जातं त्यांनी जेवणाची वेळही सांभाळावी. जेवणाबरोबर किंवा नंतर तासाभरात घेतलेली कॉफी अन्नातलं लोह शोषू देत नाही, चहा तर त्याहून जास्त अडवतो. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी असल्याचं राष्ट्रीय पाहणीत दिसलं आहे. जेवणानंतरचा कप तासाभराने पुढे ढकलणं एवढंच त्यासाठी पुरतं. लोहाची गोळीही कॉफीबरोबर घेऊ नये.

कॉफीचा प्रश्न नसतो तेव्हा

काही दुखण्यांत चहा-कॉफीची चर्चा करत बसणं म्हणजे वेळ घालवणं. दर वर्षी दुखणं वाढत चाललं आहे. पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं. शौचाच्या वेळी किंवा शरीरसंबंधाच्या वेळी तीव्र कळ येते. तासा-दोन तासांत पॅड भिजतं किंवा मोठ्या गाठी पडतात. गोळी घेऊनही शाळा-कॉलेज, काम चुकतं. यातलं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. एंडोमेट्रिओसिस, अ‍ॅडिनोमायोसिस, गर्भाशयातल्या गाठी यांचं दुखणं असंच असतं, आणि 'पाळीत दुखायचंच' म्हणून त्याकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष होतं. पोट फुगलेलं पाळी संपल्यावरही उतरत नसेल, आठवडेच्या आठवडे तसंच राहत असेल, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटत असेल, तर तेही तपासून घ्यावं, विशेषतः चाळिशी-पन्नाशीनंतर.

हे काही नसेल, तर तीन-चार पाळ्यांची वही समोर ठेवून निर्णय घ्यावा. आतड्यांचा किंवा झोपेचा आकडा सुधारलेला दिसला, तर पाळीच्या आधीचे दहा दिवस कॉफी कमी करण्याची सवय ठेवावी. महिनाभर सोडायची गरज नाही. दूध कमी केल्याने पोट उतरलं असेल तर कोरी कॉफी प्यावी. आणि काहीच फरक दिसला नसेल, तर कुणी कितीही उष्ण म्हटलं तरी आपली सकाळची कॉफी नाश्ता करून निवांत प्यावी.